७२ अंश, १५ सेकंद: दुधातून काय जातं आणि काय राहतं

प्रश्न: आम्ही मुलुंडला राहतो. महिनाभरापासून काचेच्या बाटलीतलं गीर गाईचं कच्चं दूध घेतोय. दूधवाले सांगतात, उकळू नका, पाश्चराइज केलं की दुधातला सगळा कस जातो, जीवनसत्त्वं मरतात. सासरे म्हणतात, आम्ही लहानपणी धारोष्णच प्यायचो. मुलगी पाच वर्षांची आहे आणि आम्ही शाकाहारी आहोत. तिला कच्चं दिलं तर चालेल का? आणि पाश्चराइज करताना नेमकं जातं तरी काय?

उत्तर:

कच्चं नका देऊ. दूध त्याच माणसाकडून घ्यायचं असेल तर घ्या, पण आजपासून एकदा उकळून द्या. कसं उकळायचं तेही खाली सांगते. मी २८ वर्षं मुंबईतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासलं आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर "जंतू मरतात" एवढ्या एका वाक्यात मला द्यायचं नाही, कारण तुमची खरी शंका वेगळी आहे. जी उष्णता जंतू मारते, ती जीवनसत्त्वं कशी सोडून देईल, असं तुम्हाला वाटतंय. शंका रास्त आहे, आणि पाश्चरायझेशनची सगळी गंमत त्याच्याच उत्तरात आहे.

आधी डेअरीत काय होतं ते बघा. कच्चं दूध ४ अंशांच्या आसपास थंड केलेलं असतं. ते स्टीलच्या पातळ, नालीदार प्लेटांच्या चवडीतून जातं. एका प्लेटच्या अल्याड दूध, पल्याड गरम पाणी, मध्ये फक्त पत्रा. दूध ७२ अंशांच्या थोडं वर गेलं की ते एका लांब, वळणावळणाच्या नळीत शिरतं. तिला आम्ही होल्डिंग ट्यूब म्हणतो. तिची लांबी अशी बेतलेली असते की दुधाच्या सगळ्यात वेगवान थेंबालाही ती पार करायला १५ सेकंद लागावेत. नळीच्या शेवटी तापमान मोजणारी कांडी असते. ७२ च्या खाली आकडा गेला की तिथला व्हॉल्व्ह आपोआप फिरतो आणि दूध पुढे न जाता मागच्या टाकीत परत येतं. तिथून पुढे दूध पुन्हा थंड होत ४ अंशांवर येतं आणि पिशवीत भरलं जातं. या सगळ्यात दूध कुठेही उकळत नाही, वाफ उडत नाही, हवा लागत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात दूध जेवढं तापतं, त्यापेक्षा हे खूपच सौम्य आहे.

आता ७२ आणि १५ हेच आकडे का? गरम दुधात जंतू एकदम मरत नाहीत, टप्प्याटप्प्याने मरतात. ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ गेला की दहातले नऊ मरतात आणि एक उरतो. तेवढाच वेळ पुन्हा गेला की उरलेल्यांतले दहातले नऊ. एका मिलिलिटरमध्ये १,००,००० असतील तर पहिल्या टप्प्याला १०,०००, मग १,०००, १००, १० आणि पाचव्या टप्प्याला १. दुधातून येणाऱ्या, बीजाणू न करणाऱ्या रोगजंतूंमध्ये उष्णतेला सगळ्यात चिवट म्हणून आधी गाईच्या क्षयाचा जंतू धरला होता. पुढे क्यू ज्वर या जनावरांकडून माणसाला होणाऱ्या तापाचा जंतू त्याहून थोडा चिवट निघाला, तेव्हा अमेरिकेत १९५६ साली तापमान थोडं वाढवलं. या चिवट जंतूचेही किमान पाच टप्पे पुरे व्हावेत, असा ७२ अंश आणि १५ सेकंदांचा हिशेब आहे. बाकीचे त्याच्या आधीच संपतात.

याच कामाची जुनी रीत म्हणजे ६३ अंशांवर ३० मिनिटं. ३० मिनिटं म्हणजे १,८०० सेकंद, आणि नव्या रीतीत फक्त १५. तापमान ९ अंशांनी वाढवलं आणि वेळ १२० पटींनी कमी झाली. म्हणजे साधारण साडेचार अंश वाढवले की जंतू मरायला लागणारा वेळ दहापट कमी होतो. जीवनसत्त्वांचं असं होत नाही. त्यांच्या नाशाचा वेग दहापट व्हायला २५-३० अंश वाढवावे लागतात. म्हणून दूध थोडं जास्त तापवून अगदी थोडा वेळ ठेवलं, तर जंतू झपाट्याने मरतात आणि जीवनसत्त्वांना तेवढ्यात फारसं काही होत नाही. उष्णता दोघांनाही तीच लागते, पण दोघांचे वेग वेगळे, आणि त्या फरकाचा आम्ही फायदा घेतो. दूधवाल्यांना ठाऊक नाही ते हेच.

आता तुमच्या मुलीचाच पेला घेऊ. सकाळ-संध्याकाळ मिळून ४०० मिली धरा. तिला त्यातून मिळणारं कॅल्शियम जसंच्या तसं राहतं, ते खनिज आहे, ७२ अंशांनी त्याचं काही बिघडत नाही. स्निग्धांश आणि त्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व यांच्यातही म्हणण्यासारखा फरक पडत नाही. दुधातलं मुख्य प्रथिन केसीन या तापमानाला ढिम्म हलत नाही. निवळीतली प्रथिनं थोडी उलगडतात, पण उलगडणं म्हणजे नाश नव्हे. पोटात गेल्यावर आम्ल त्यांना तसंही उलगडणारच असतं. क जीवनसत्त्व मात्र जातं, दहा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत. पण ४०० मिली दुधात ते असतंच मुळी चार-आठ मिलिग्रॅम. त्यातलं एक-दोन मिलिग्रॅम गेलं, तर पेरूच्या एका फोडीने ते कितीतरी पटींनी भरून निघतं. क जीवनसत्त्वासाठी कुणी दूध पीत नाही.

शाकाहारी घरात मला बी-१२ ची काळजी जास्त वाटते, कारण तुमच्याकडे ते दूध-दह्यातूनच येतं. पाश्चरायझेशनमध्ये त्यातलं दहा टक्क्यांच्या आतच जातं. बी-१ आणि फोलेटचंही तसंच. पण दूध सकाळी उकळलं, दुपारी पुन्हा उकळलं, रात्री विरजण लावायच्या आधी पुन्हा पाच मिनिटं रटरटवलं, तर बी-१२ आणि फोलेट यांचं नुकसान डेअरीतल्यापेक्षा स्पष्ट जास्त होतं. आपल्याकडे घरोघरी ही सवय असते. जीवनसत्त्वं वाचवायची असतील तर आधी ही सवय सोडा.

आणखी एक. बी-२, म्हणजे रायबोफ्लेविन, उष्णतेला दाद देत नाही, पण उजेडाला फार हळवं असतं. तुमची बाटली पारदर्शक काचेची आहे. ती सकाळी दाराबाहेर उन्हात तास-दोन तास राहिली, तर पाश्चरायझेशनने जेवढं कधीच गेलं नसतं तेवढं रायबोफ्लेविन तिथे जातं आणि दुधाला एक बेचव वासही येतो. बाटली आत घेतल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा.

"दुधातली एन्झाइम्स मरतात" हेही तुम्ही ऐकलं असेल. काही मरतात, खरं आहे. पण दूध पचवायला आपण ती वापरत नाही, आपलं पोट स्वतःची वापरतं. दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम कच्च्या दुधातही नसतं. त्यामुळे ज्यांना दूध सोसत नाही त्यांना कच्चंही सोसणार नाही, दही सोसेल. मात्र यातल्या एका एन्झाइमच्या मरण्यावर माझी नोकरी उभी होती, त्याबद्दल सांगायलाच हवं.

त्याचं नाव अल्कलाइन फॉस्फेटेज. ते प्रत्येक कच्च्या दुधात असतं आणि क्षयाच्या जंतूपेक्षा किंचित जास्त उष्णतेने मरतं. ते मेलं असेल तर जंतू आधीच मेले, इतका सरळ हिशेब. परीक्षानळीत ५ मिली द्रावण, त्यात १ मिली दूध, ३७ अंशांच्या पाण्यात दोन तास. शेजारी उकळलेल्या दुधाची नळी, तुलनेसाठी. एन्झाइम जिवंत असेल तर द्रावणातून पिवळा रंग सुटतो. नळ्या उजेडात धरायच्या आणि दोन्ही पांढऱ्या दिसल्या की माल सोडायचा. ही चाचणी इतकी बारीक आहे की हजार भाग पाश्चराइज्ड दुधात दोन भाग कच्चं मिसळलं तरी ओळखू येतं.

एकदा पहाटे साडेतीनच्या नमुन्याला पिवळसर झाक आली. लिंबाची साल पाण्यात पडल्यावर येते, तेवढीच. तापमानाचा तक्ता काढला, रात्रभर रेघ ७२ च्या वर सरळ होती. व्हॉल्व्ह तपासला, बरोबर फिरत होता. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, नळी नीट धुतली नसेल." नवीन नळ्या घेतल्या, पुन्हा पिवळं. मग मी दोन ठिकाणचे नमुने घेतले. एक होल्डिंग ट्यूब संपते तिथला आणि दुसरा थंड होऊन बाहेर पडणाऱ्या दुधाचा. पहिला पांढरा, दुसरा पिवळा. म्हणजे दूध नीट तापत होतं आणि नंतर बिघडत होतं. वीज-वाफ वाचावी म्हणून बाहेर जाणाऱ्या गरम दुधाच्या उष्णतेवर आत येणारं थंड कच्चं दूध कोमट करतात. तिथे दोन्ही दुधांमध्ये फक्त एक पत्रा असतो. नियम असा की पाश्चराइज्ड बाजूचा दाब नेहमी जास्त हवा, म्हणजे गळती झालीच तर चांगलं दूध कच्च्यात जाईल, उलट नाही. आमच्याकडे कच्च्या बाजूचा पंप जास्त दाबाने चालू राहिला होता. प्लेटा उघडून एका अंगाला लाल रंग लावला, दुसऱ्या अंगाला सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका उमटला. पत्र्याला भोक पडलं होतं. तो सगळा माल गाड्यांत चढायच्या आधी अडवला आणि पुन्हा पाश्चराइज केला. तुमच्या बाटलीतलं दूध शंभर टक्के कच्चं आहे. आम्ही हजारात दोन भागांसाठी गाड्या का थांबवल्या, ते आता सांगते.

कच्च्या दुधात जंतू दोन वाटांनी येतात. पहिली वाट जनावराच्या आतून. ब्रुसेला हा जंतू गाई-म्हशींना होतो, त्याने त्या शेवटच्या महिन्यांत गाभ टाकतात. पण एकदा गाभडल्यावर जनावर वरून ठणठणीत दिसतं, खातं-पितं, दूधही देतं आणि त्या दुधातून जंतू सोडत राहतं. तेही सलग नाही, मध्येच सोडतं, मध्येच थांबतं. म्हणून एका दिवशीचा स्वच्छ अहवाल दुसऱ्या दिवशीच्या दुधाची हमी देत नाही. हा रोग आपल्या देशात भरपूर आहे, म्हणून तर सरकारने २०१९ पासून चार ते आठ महिन्यांच्या पारड्या-कालवडींना लस द्यायचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला. क्षयाचे जंतूही याच वाटेने येऊ शकतात आणि गाईला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली असेल तर तिचेही.

दुसरी वाट बाहेरून: सडांना लागलेलं शेण, धार काढणाऱ्याचे हात, बादली, धुण्याचं पाणी. शेणातला एक ई. कोलाय असा आहे की तो शंभराहून कमी पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो. पाच वर्षांखालच्या आणि त्या आसपासच्या मुलांमध्ये रक्ताची हगवण होऊन काहींची मूत्रपिंडं बंद पडतात. गाईला त्याचा काहीच त्रास नसतो. शंभर जंतू म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या शेणाच्या कणाहून कितीतरी कमी. गोठा कितीही स्वच्छ असला, गाय कितीही देशी असली, शुद्ध ए-२ असली, तरी तिचे सड आणि शेण यांच्यात अंतर तेवढंच राहतं. ए-२ हा केसीनचा प्रकार आहे, त्याचा जंतूंशी संबंध नाही.

आता तुमच्या बाटलीचा प्रवास मोजा. धार संध्याकाळी पाचला निघाली, दूध ३७ अंशांचं. ताज्या दुधात स्वतःची थोडी जंतुरोधक ताकद असते, पहिले दोन-तीन तास ती वाढ रोखून धरते. तेवढ्यात दूध ४ अंशांवर आलं तर बरं. नाही आलं आणि टेंपोत ३० अंशांच्या हवेत राहिलं, तर जंतू अर्ध्या-पाऊण तासाला दुप्पट व्हायला लागतात. पाऊण तास धरला तरी सहा तासांत आठ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे २५६. आणि फ्रिजमध्ये ठेवून जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. लिस्टेरिया तर फ्रिजमध्येही हळूहळू वाढतो. घरात कुणी गरोदर असेल तर त्या जंतूची भीती सगळ्यात जास्त, कारण तो पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतो.

इथे उकळण्याचीही एक मर्यादा सांगते. स्टॅफिलोकॉकस हा जंतू, हातावरच्या जखमेतून किंवा दगडी झालेल्या कासेतून येणारा, दूध तासन्‌तास कोमट राहिलं तर त्यात विष तयार करतो. जंतू उकळून मरतो, विष मरत नाही. म्हणून दूधवाल्याला ए-२ चं प्रमाणपत्र विचारण्यापेक्षा धार काढल्यापासून किती वेळात दूध थंड होतं ते विचारा. उत्तर दोन तासांपेक्षा जास्त असेल, किंवा बाटली हाताला गार लागत नसेल, तर ते दूध उकळूनही घेऊ नका.

सासऱ्यांचं धारोष्ण दूध. त्यांचं खोटं नाही, ते प्यायले असतील. पण धारोष्ण म्हणजे कासेतून पेल्यात, मध्ये टेंपो नाही, बारा तास नाहीत, पन्नास गाईंचं एकत्र केलेलं दूध नाही. तेव्हा पहिल्या वाटेचे जंतू तसेच यायचे, दुसरीचे कमी. आणि गंडमाळा हा शब्द त्यांच्या पिढीला माहीत आहे, विचारून बघा. मुलांच्या मानेत गाठी येणारा क्षय. इंग्लंडमध्ये गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुलांमधल्या या गाठींचं एक मोठं कारण गाईचं कच्चं दूध होतं, आणि पाश्चरायझेशन आणि गाईंची तपासणी रुळल्यावर ते हटलं. कच्च्या दुधाच्या बाजूने म्हणता येईल अशी एक गोष्ट आहे, तीही सांगते. युरोपात शेतावर वाढलेल्या, तिथलंच दूध पिणाऱ्या मुलांना दमा आणि ॲलर्जी कमी होते, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण ते अभ्यास करणारेच कच्चं दूध प्या असं सांगत नाहीत, कारण ई. कोलायचा धोका त्यांना माहीत आहे.

उकळायचं कसं: बाटली फ्रिजमधून काढून थेट पातेल्यात ओता, मध्यम आचेवर ठेवा, ढवळत राहा. कडेला बुडबुडे आले की थांबू नका, मधोमध वर येऊ द्या. उतू जायला आलं की गॅस बारीक करून अर्धा-एक मिनिट ढवळा, बस. रटरटवू नका. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून निववा, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. नंतर लागेल तेवढंच बाहेर काढा आणि तेवढंच कोमट करा. सगळं पुन्हा उकळायचं नाही. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असल्यामुळे गार साखळी न तुटता आलं तर न उकळता प्यायलाही हरकत नाही, पण आपल्याकडे पिशव्यांचे क्रेट पहाटे दुकानासमोर उघड्यावर पडलेले मी रोज बघते, म्हणून तेही एकदा उकळावं असंच मी सांगते.

शेवटचं, आणि हे आजच करा. महिनाभर तुम्ही सगळे कच्चं पीत आहात. ब्रुसेलाचा ताप बहुधा दोन ते चार आठवड्यांत येतो, पण कधी काही महिन्यांनीही. येतो-जातो, संध्याकाळी चढतो, घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात. मुंबईत असा ताप आला की आधी मलेरिया, टायफॉइड, मग क्षय तपासला जातो, आणि त्यात आठवडे जातात. पुढच्या सहा महिन्यांत घरात कुणाला असा ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की आम्ही एक महिना गाईचं कच्चं दूध प्यायलो होतो. एवढं वाक्य ऐकलं की ते ब्रुसेलाची रक्ततपासणी आणि कल्चर लगेच पाठवतील. औषधं आहेत, पण ती साधारण सहा आठवडे पुरी घ्यावी लागतात. मुलीला रक्ताची हगवण झाली किंवा लघवी कमी झाली, तर मात्र घरी वाट बघू नका, हगवण थांबवायची गोळी देऊ नका, त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या.